नफा ताळेबंदात, पैसा उधारीत: फ्री कॅश फ्लोची पार्श्वभूमी

डब्ल्यू. टी. ग्रँट ही अमेरिकेतली हजारावर दुकानांची साखळी ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी वर्षानुवर्षे ती नफा दाखवत होती, लाभांशही वाटत होती. माल मात्र उधारीवर जात होता आणि गोदामं फुगत होती. धंद्यातून प्रत्यक्ष येणारी रोकड बरीच वर्षं उणे होती, पण ती वेगळी मांडून दाखवायची सक्ती तेव्हा नव्हती. अमेरिकेत ती १९८७ च्या मानकाने आली. आपल्याकडे सेबीने १९९५ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना रोकड प्रवाहाचं पत्रक बंधनकारक केलं आणि १९९७ मध्ये लेखा मानक ३ त्यासाठी सुधारलं गेलं.

हिंगणघाट-वणी पट्ट्यातली एखादी जिनिंग-प्रेसिंग कंपनी धरा, आकडे समजण्यापुरते. कापसाची गाडी काट्यावर आली की शेतकऱ्याला चुकारा लगेच लागतो. गठाणी घेणारी सूतगिरणी मात्र दोन-तीन महिन्यांनी पैसे देते. माल देऊन बिल फाडलं की विक्री नोंदली जाते, आणि नफाही.

समजा करानंतरचा नफा १०० लाख. घसारा ४० लाख वजा झालाय, पण तो कोणाला दिलेला नाही, म्हणून परत मिळवा: १४० लाख. गिरण्यांकडची उधारी १२० लाखांनी वाढली, सरकी आणि गठाणींचा साठा ५० लाखांनी. हे १७० लाख अडकले. कंपनीने स्वतः द्यायचे १० लाख थकवले, तेवढे हाती राहिले. धंद्यातली रोकड उणे २० लाख. नवीन जिनिंग यंत्रांवर ६० लाख गेले. धंद्यातल्या रोकडीतून हा भांडवली खर्च वजा करून उरतो तो फ्री कॅश फ्लो, इथे उणे ८० लाख. नफा एक कोटी, आणि ही खोट भरून निघते बँकेच्या कॅश क्रेडिटमधून. अशात लाभांश जाहीर झाला तर तो कर्जातूनच जातो, हे गुंतवणूकदाराने ओळखावं.

यंत्रखर्च वजा करण्याचं महत्त्व वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या २००२ मधल्या घोटाळ्याने दाखवलं. तिथे रोजचा खर्च भांडवली म्हणून लिहिला होता. नफा फुगला, धंद्यातली रोकडही फुगली. भांडवली खर्च वजा करताच ती फूग निघून जाते.

तरी एका वर्षाच्या उणे आकड्यावर निकाल देऊ नये. कापसाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून ३१ मार्चला गोदाम भरलेलं असणं स्वाभाविक आहे. पुढे तो माल विकला जातो. पाच वर्षांचा नफा आणि पाच वर्षांचा फ्री कॅश फ्लो, दोन्हींची बेरीज शेजारी ठेवा. तफावत मोठी असेल, तर विक्रीपेक्षा उधारी वेगाने वाढतेय का ते पाहा. उलट एखाद्या वर्षी रोकड अचानक चांगली दिसली, तर देणी किती वाढली ते तपासा. मार्चअखेर पुरवठादारांचे पैसे अडवले की आकडा सुधारतो, आणि एप्रिलमध्ये ती देणी चुकवावीच लागतात.