सबटायटल जुळवणी

टीव्ही किंवा फोनवरील सबटायटलचा आकार, रंग आणि वेळ प्रेक्षकाने आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेणे. काय बदलता येईल हे सबटायटलच्या रूपावर ठरते. ती .srt सारख्या मजकुराच्या फाइलमध्ये असतील तर तिन्ही गोष्टी बदलता येतात. ब्लू-रेवर असतात तशी चित्ररूपात असतील तर वेळ पुढेमागे करता येते, मात्र अक्षरांचा रंग सहसा बदलत नाही. दृश्यातच छापलेली असतील तर काहीच हलत नाही.

आकार व रंगाचे काम सोपे आहे. फोनमध्ये ही सोय बहुधा अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये असते, पण काही अ‍ॅप ती न जुमानता स्वतःचीच सेटिंग वापरतात. अक्षर वाढवताना दोन ओळींचे वाक्य तीन ओळींत मोडू लागले की एक पायरी मागे यावे. अंधाऱ्या खोलीत शुभ्र पांढरी अक्षरे तासाभराने डोळ्यांना खुपतात. काळी कड असलेली फिकट राखाडी किंवा मंद पिवळी बरी. बर्फाच्या दृश्यांत मात्र नुसती कड अपुरी पडते, तिथे अर्धपारदर्शक काळी पट्टी हवी.

खरी डोकेदुखी वेळेची. सबटायटल चुकत आहेत एवढे कळून भागत नाही, कशी चुकतात ते पाहावे लागते. शांततेनंतर सुरू होणारे एक वाक्य सुरुवातीला आणि एक शेवटाजवळ निवडून फरक मोजावा. दोन्हीकडे सबटायटल 2 सेकंद आधी येत असेल तर प्लेअरमधील ‘सबटायटल डिले’ +2 सेकंद केला की काम झाले. व्हीएलसी या प्लेअरच्या संगणकावरील आवृत्तीत हेच G आणि H या कळांनी 50 मिलिसेकंदांच्या टप्प्याने होते.

फरक वाढत जात असेल तर डिले निरुपयोगी. समजा, दुसऱ्या मिनिटाला सबटायटल 5 सेकंद आधी येते आणि तासाभराने अडीच मिनिटांहून जास्त. याचा अर्थ फाइल सेकंदाला 25 फ्रेमच्या, म्हणजे 25 चित्रांच्या, प्रतीसाठी बनवली आहे आणि आपला चित्रपट 23.976 फ्रेमने चालतो आहे. 25 ला 23.976 ने भागले की 1.0427 येतात, म्हणजे फाइलमधला एक तास इथे सुमारे 62 मिनिटे 34 सेकंदांचा व्हायला हवा. काही प्लेअरमध्ये सबटायटलचा वेग बदलता येतो. नसेल तर ‘सबटायटल एडिट’सारख्या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून फाइल पुन्हा साठवावी. असा फरक डिलेने पुसायला गेले की दर मिनिटाला रिमोट हाती घ्यावा लागतो.

बराच वेळ बिनचूक चालून सबटायटल एका दृश्यानंतर एकदम घसरली, तर फाइल चित्रपटाच्या वेगळ्या संकलनाची असते. कुठे काही दृश्ये कापलेली असतात, कुठे वाढवलेली. तेव्हा आपल्याकडच्या आवृत्तीची दुसरी फाइल शोधणे बरे.