पोतं शंभरचं पन्नासवर आलं, तरी कंबर का जाते?

कामाने शरीर मोडतं ही तक्रार कॉम्प्युटरपेक्षा खूप जुनी. इटलीतल्या मोडेनाच्या रामाझिनी डॉक्टरांनी १७०० साली धंद्यांच्या आजारांवर पुस्तक काढलं. त्यांनी ओझी वाहणारे हमालही बघितले आणि कारकूनही. कारकुनांचं दुखणं त्यांनी तीन गोष्टींवर टाकलं: सतत बसणं, हात एकाच पद्धतीने हलत राहणं आणि चूक होऊ नये म्हणून डोक्याला ताण. (आजच्या डेटा एन्ट्रीवाल्याला हे वाचून हसूच येईल.) पुढे ब्रिटनमध्ये तारा पाठवणाऱ्या ऑपरेटरांच्या हातात गोळे यायला लागले आणि १९०८ मध्ये तो आजार नुकसानभरपाईच्या यादीत आला. म्हणजे टेबलावरच्या लोकांचं दुखणं कागदावर तरी आलं.

हमालाचं काय, तर आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ३४ होतं, इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये असं म्हणणारं, पण बाजारातला हमाल कारखान्यात कुठे असतो? त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला, पण तो मुख्यतः नोंदणी, मजुरी आणि सोयीसवलतींचा. पोत्याचं वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणा ही मागणी पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने लावून धरली. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती.

पण पन्नास म्हणजे सुरक्षित, असं नाही बरं का. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं, किती वजन उचलावं याचं १९९१ चं सूत्र आहे, त्यात सगळं अगदी अनुकूल असेल तरच २३ किलो, आणि मग परिस्थितीप्रमाणे कमी करत जायचं. समजा पोतं जमिनीवरून कमरेएवढं, ७५ सेंटिमीटर उचलायचंय आणि हात घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे आहेत. हात एवढे पुढे असल्यामुळे २३ चे साधारण १४ झाले, जमिनीपर्यंत वाकल्याने ११, उचलायच्या अंतराने १० च्या आत, आणि पोत्याला धरायला कान नाहीत म्हणून राहिले ९. दोघांनी मिळून उचललं तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस! आणि ते ९ सुद्धा अधूनमधून उचललं तरच, भराभर उचललं की आकडा आणखी घसरतो. हे सूत्र दोन हातांनी उचलण्याचं आहे, पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्याला ते लागूच होत नाही.

आणि मजुरी क्विंटलवर असेल तर वजन निम्मं झालं की खेपा दुप्पट. एका खेपेला मणक्यावर येणारा जोर नक्कीच कमी होतो, पण दिवसभराचा माल तेवढाच राहतो. म्हणून थप्पी जमिनीवर न लावता कमरेच्या उंचीच्या ओट्यावर लावली, तर वाकणं वाचतं. वरच्या गणितात एवढ्यानेच ९ चे जवळपास १३ होतात, कारण मग खाली जायचंच नसतं.