चुळबुळ म्हणजे जाग नव्हे

बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते आणि ओठ काढून रडवेलं झालं की सटवाई रडवते, असं आपल्याकडच्या जुन्या बायका सांगत. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. हसू, रडू, चोखल्यासारखी ओठांची हालचाल, हातापायांचे झटके, बारीक कुरकुर हे सगळं झोपेतच चाललेलं असतं. या अवस्थेला सक्रिय झोप म्हणतात आणि नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास मध्येच भरभर, मध्येच संथ होतो. बघणाऱ्याला वाटतं, उठलंच आता.

या झोपेनंतर शांत झोप येते. दोन्ही मिळून एक चक्र होतं. मोठ्यांचं चक्र साधारण दीड तासाचं, बाळाचं पाऊण ते एक तासाचं. एक चक्र संपून दुसरं सुरू होताना झोप अगदी पातळ होते. तिथे आपणही रात्रीतून अनेकदा क्षणभर जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाची चक्रं लहान, त्यामुळे हे सांधे जास्त. रात्रभर सलग झोपणारी बाळंही या सांध्यांवर जागी होतातच. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ टॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात घरोघरी बाळांच्या झोपेचं रात्रभर चित्रण केलं, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. काही बाळं जागी झाली की रडून हाक देत. काही थोडा वेळ इकडेतिकडे बघून, हात चोखून परत झोपत, आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नसे.

पुढे अँडर्स यांच्या गटाने ८० बाळांचा पहिल्या वर्षभर असाच मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की तिसऱ्या महिन्यात ज्यांचे आईवडील प्रतिसाद द्यायला थोडा जास्त वेळ घेत, ती बाळं वर्षाची होईपर्यंत स्वतःहून परत झोपण्यात पुढे होती. मात्र यावरून थांबल्यामुळेच हे घडलं असं म्हणता येत नाही. मुळात शांत असलेल्या बाळाकडे धावत जायची वेळच कमी येते. तरीही सांध्यावर बाळाला थोडी संधी देणं मला पटतं, कारण उलट बाजूचं नुकसान डोळ्यांनी दिसतं.

समजा, साडेतीन महिन्यांचं बाळ आहे. वजन नीट वाढतंय. रात्री नऊला पोटभर पिऊन झोपलं. दहाच्या सुमारास आळोखेपिळोखे, कुंथणं, एक बारीक ‘अँ’. आईने लगेच दिवा लावून उचललं, तर सक्रिय झोपेतलं बाळ पुरतं जागं होतं. छातीशी घेतल्यावर दोन मिनिटं चोखतं आणि झोपतं. इतक्या लवकर झोपलं तर बहुधा ती भूक नव्हती. पुढच्या सांध्यावर पुन्हा तेच. आईला वाटतं, दूध पुरत नाही.

त्याऐवजी दिवा न लावता, स्पर्श न करता एक-दोन मिनिटं बघत पडून राहावं. डोळे मिटलेले आहेत का? आवाज येतो, थांबतो, परत येतो असं आहे का? मग बहुतेक वेळा ती झोपच असते. डोळे उघडले पण रडणं नाही, तर आणखी थोडं थांबावं. कुरकुर वाढली तर छातीवर हात ठेवून हलकं थोपटावं. दीड वाजता मात्र डोळे उघडे आहेत, मान वळवून तोंडाने शोधतंय, आवाज न थांबता चढत चाललाय, तर ती भूक. तिथे लगेच पाजायचं. बाळाला रडत ठेवण्याचा या थांबण्याशी संबंध नाही.

झोळीत किंवा हलत्या पाळण्यात झोपलेलं बाळ सांध्यावर तोच झोका शोधतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कधीतरी पेंगुळलेलं असतानाच, पूर्ण झोपण्याआधी, सपाट आणि टणक अंथरुणावर पाठीवर ठेवून पाहावं. रोज जमेलच असं नाही.

पहिल्या काही आठवड्यांत थांबून बघण्याचा हा प्रयोग करू नये. तेव्हा चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. जन्मानंतर घटलेलं वजन भरून आलेलं नसेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, वजन कमी असेल किंवा कावीळ असेल, तर भुकेची पहिली खूण दिसताच पाजावं; झोपून राहिलं तरी डॉक्टर सांगतील तितक्या वेळाने उठवून पाजावं. आणि दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठावा.