मुखपृष्ठाचा नमुना आला? आधी तो लहानच पाहा

कादंबरीच्या मुखपृष्ठाचा पहिला नमुना आम्ही दोन फाइलींत पाठवतो. एक पूर्ण आकाराची, १६०० बाय २५६० पिक्सेलची. किंडल ई-बुकसाठी अ‍ॅमेझॉन हाच आकार सुचवतं. दुसरी फक्त १६० बाय २५६ ची. ही दुसरी पाहिली की हमखास फोन येतो, "चित्र फुटतंय, चुकून लहान आलं का?" ती मुद्दामच लहान पाठवलेली असते. ऑनलाइन दुकानाच्या यादीत दहा-वीस पुस्तकांच्या गर्दीत तुमचं पुस्तक वाचकाला साधारण एवढंच दिसणार आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नमुना दोन बोटांनी मोठा करून पाहण्यात. मोठं केलं की खिडकीचे गज दिसतात, नायिकेच्या बांगड्या दिसतात, आणि मग त्यांच्याच दुरुस्त्या येतात. दुरुस्त्यांच्या फेऱ्या त्यात संपतात, आणि दुकानात त्यातलं काहीच दिसत नाही.

समजा कादंबरीचं नाव आहे 'घाटातलं धुकं'. कथा रहस्याची: रात्री घाटात दिवे चालू असलेली गाडी सापडते, चालक बेपत्ता. लेखकाला हवाय जलरंगातला घाट, वळणाचा रस्ता, दरी, दूरवर एसटी आणि पांढऱ्या, बारीक, हस्ताक्षरासारख्या अक्षरांत नाव. मोठ्या पडद्यावर हे देखणं दिसेल. १६० पिक्सेलला मात्र रस्ता आणि एसटी विरघळून करडा चौकोन उरतो. पांढरी अक्षरं धुक्यात जातात. दोन्ही अनुस्वार नाहीसे होतात. 'घ' आणि 'ध' सारखेच वाटू लागतात, कारण त्यांच्यातला फरक शिरोरेषेच्या तुटीत आणि डावीकडच्या छोट्या गाठीत असतो आणि बारीक रेषेत तोच आधी हरवतो. 'ब' आणि 'व' चंही असंच होतं.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे हे मुखपृष्ठ कवितासंग्रहाचं किंवा प्रवासवर्णनाचं वाटतं. रहस्यकथा शोधणारा वाचक पुढे सरकतो. घाटाच्या ओढीनं थांबलेला वाचक पुस्तक उघडतो खरा, पण वर्णन वाचून परत जातो.

अशा वेळी आम्ही घाट काढूनच टाकतो. पार्श्वभूमी गडद निळी-काळी, धुक्यात पिवळ्या दिव्यांची एकच जोडी, बाकी काही नाही. नाव दोन ओळींत, जाड अक्षरांत, रुंदीचा बहुतेक भाग व्यापणारं. अनुस्वार अक्षराच्या प्रमाणापेक्षा मुद्दाम मोठे काढतो. खालच्या ओळीत मात्रा-वेलांट्या असतील तर त्या वरच्या ओळीच्या उकारांवर आदळू नयेत म्हणून दोन ओळींत जागा सोडतो. रोमन लिपीत एवढी जागा लागत नाही, म्हणून तिथले तयार साचे मराठी नावाला बसत नाहीत. शीर्षकाची अक्षरं आम्ही प्रत्येक पुस्तकासाठी हातानं काढतो ती याचसाठी, आणि आमच्या दरात ती धरलेलीच असतात.

"नाव शेजारी छापलेलं असतंच ना?" असं विचारलं जातं. बऱ्याच ठिकाणी असतं. पण किंडलवर पुस्तकांची मांडणी पाहताना अनेकदा नुसती मुखपृष्ठंच दिसतात, आणि बहुतेक किंडलचा पडदा कृष्णधवल असतो. काळ्यावर लाल अक्षरं, ही रहस्यकथेच्या लेखकांची आवडती मागणी, तिथे काळ्यावर गडद करडी होतात. फोनमधल्या फोटो-संपादनात जाऊन लहान नमुना कृष्णधवल करून पाहा. नाव तरीही उठून दिसलं पाहिजे. पार्श्वभूमी पांढरी असेल तर ती दुकानाच्या पांढऱ्या पानात मिसळते, म्हणून कडेला तीन-चार पिक्सेलची करडी चौकट आम्ही न विचारता घालतो. कृपया ती काढायला सांगू नका.

लहान नमुना हस्तलिखित न वाचलेल्या माणसाला फोनवर दोन-तीन सेकंद दाखवा. "कसं वाटलं?" विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "नाव काय आणि गोष्ट कशाची असेल?" एवढंच विचारा. मग दुकानात तुमच्या प्रकारातली पहिली आठ-दहा पुस्तकं उघडून त्यांच्याशेजारी आपला नमुना धरा. तो त्यांच्याच घरातला वाटावा, पण त्यांच्यातला दुसरा कुणी वाटू नये. सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर भगवा आणि तलवार असेल तर रंग तोच ठेवून तलवारीऐवजी दुसरी एकच वस्तू शोधता येते, आणि ती शोधायला आम्हाला आवडतं.

बारकावे हवेच असतील तर छापील आवृत्तीत घालू. पुस्तक हातात घेणाऱ्याला ते दिसतात, आणि तिथे मलपृष्ठाचीही जागा मिळते. दोन्ही आवृत्त्या एकत्र सांगितल्यात तर ई-बुकच्या मुखपृष्ठाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

मोठी फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाऊन रंग-रेषा बिघडतात. आणि दुरुस्त्या कळवताना, लहान नमुना ज्याला दाखवलात त्या माणसानं वाचलेलं नाव आणि ओळखलेला कथाप्रकार त्याच्याच शब्दांत वर लिहा. आम्ही काम तिथूनच सुरू करतो.