९५ टक्के कशाचे?

संख्याशास्त्राच्या स्लाइड्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘खरी सरासरी ७० ते ७४ यांच्यामध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ वाक्य सुटसुटीत आहे, ऐकणारे माना डोलावतात आणि पुढची स्लाइड येते. पण हे वाक्य चुकीचं आहे, आणि ही चूक निव्वळ शब्दांची नाही. विश्वास अंतराल, म्हणजे कॉन्फिडन्स इंटर्व्हल, ही कल्पनाच त्या वाक्यात हरवून जाते.

आधी हे ७० आणि ७४ आले कुठून ते पाहू. समजा, मोठ्या लोकसमूहातून कुठलाही कल न ठेवता १०० माणसं निवडली आणि त्यांची नाडी मोजली. सरासरी आली मिनिटाला ७२ ठोके, आणि माणसामाणसातला फरक दाखवणारं प्रमाण विचलन आलं १०. या १० ला १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने, भागलं की मिळते प्रमाण त्रुटी: १ ठोका. आपल्या नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळते, याचा हा अंदाज. ९५ टक्क्यांसाठी ठरलेल्या १.९६ या आकड्याने त्याला गुणायचं आणि येईल ते ७२ च्या दोन्ही बाजूंना मोजायचं. झालं जवळपास ७० ते ७४.

आता प्रश्न असा की यात नशिबावर अवलंबून काय आहे? खरी सरासरी नाही. साऱ्या लोकसमूहाची नाडी मोजली असती तर जी सरासरी आली असती ती एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला ती माहीत नाही, एवढंच. नशिबावर अवलंबून आहे ते आपल्या हाती कोणती १०० माणसं लागली हे. दुसरी १०० लागली असती तर अंतराल ६९ ते ७३ आलं असतं, तिसऱ्या खेपेला ७१.५ ते ७५.५. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर कड्या फेकाव्यात तसं हे आहे: खुंटी हलत नाही, कडी दर वेळी वेगळ्या जागी पडते. ९५ टक्के हे फेकणाऱ्याच्या हाताचं वर्णन आहे. याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले आणि अंतरालं काढली, तर त्यांतली सुमारे ९५ टक्के खऱ्या सरासरीला आपल्यात सामावून घेतील. आपल्या हातातलं ७० ते ७४ हे त्या ९५ पैकी की उरलेल्या ५ पैकी, हे ती टक्केवारी सांगत नाही. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३७ साली ही मांडणी सविस्तर केली तेव्हा त्यांनी हाच अर्थ आग्रहाने सांगितला होता.

इथे कुणीही म्हणेल, ‘रीत १०० पैकी ९५ वेळा बरोबर असेल, तर या एका अंतरालाबद्दल ९५ टक्के शक्यता म्हटलं म्हणून बिघडलं कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका छोट्या उदाहरणात लख्ख दिसतं. हे उदाहरण मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून पाहू.

एका उपकरणाने लांबी मोजायची आहे. उपकरणाचं मोजमाप खऱ्या लांबीच्या मागेपुढे जास्तीत जास्त ५ मिलिमीटर चुकतं, आणि त्या टप्प्यातली प्रत्येक चूक सारखीच संभवनीय आहे. आपण दोन मोजमापं घ्यायची आणि लहान मोजमापापासून मोठ्यापर्यंतचा पट्टा हे आपलं अंतराल मानायचं. ही रीत किती वेळा बरोबर ठरेल? प्रत्येक मोजमाप खऱ्या लांबीच्या खाली किंवा वर पडण्याची शक्यता निम्मी निम्मी. दोन्ही खाली, दोन्ही वर, पहिलं खाली दुसरं वर, पहिलं वर दुसरं खाली: चार प्रकार, आणि त्यांतल्या दोनांतच खरी लांबी मध्ये सापडते. म्हणजे हे चोख ५० टक्क्यांचं विश्वास अंतराल झालं.

आता मोजमापं घेतली आणि ४१ व ४८ मिलिमीटर आली. दोन्ही खऱ्या लांबीच्या एकाच बाजूला असती, तर त्यांच्यातलं अंतर ५ पेक्षा जास्त होऊच शकलं नसतं. इथे ते ७ आहे. म्हणजे खरी लांबी या दोघांच्या मध्येच आहे, नक्की. या अंतरालाबद्दल ‘५० टक्के शक्यता’ म्हणणं विचित्र ठरेल. इथे शंकेला जागाच नाही.

दुसऱ्या खेपेला आली ४४.० आणि ४४.२. दोन्हींपासून ५ मिलिमीटरच्या आत राहायचं तर खरी लांबी ३९.२ ते ४९.० यांत कुठेही असू शकते, आणि आपला पट्टा आहे जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. दोन मोजमापं इतकी जवळ येतात अशा खेपा वेगळ्या काढल्या, तर त्यांतल्या सुमारे २ टक्क्यांतच खरी लांबी पट्ट्यात सापडते. रीत तीच, तिची टक्केवारीही तीच ५०. पण हातात आलेलं एक अंतराल खात्रीचं आणि दुसरं जवळजवळ कुचकामी. रीतीची टक्केवारी तिच्या प्रत्येक फळाला जशीच्या तशी चिकटवता येत नाही, ती यामुळे.

नाडीच्या उदाहरणात असा टोकाचा प्रकार होत नाही, हेही सांगायला हवं. नमुना मोठा असला आणि खऱ्या सरासरीबद्दल आधी काहीच माहिती नाही असं धरलं, तर आधीच्या माहितीत नव्या मोजमापांची भर घालून शक्यता काढणाऱ्या बेझच्या पद्धतीनेही जवळपास ७० ते ७४ च हाती येतं, आणि तिथे ‘९५ टक्के शक्यता’ म्हणणं रीतसर चालतं. पण त्यासाठी आधीची माहिती किंवा तिचा अभाव गणितात उघडपणे मांडावा लागतो. स्लाइडवर तो मांडलेला नसतो.

दुसरा गैरसमज झटपट निकालात निघतो: ‘९५ टक्के माणसांची नाडी ७० ते ७४ असते.’ विचलन १० असताना माणसांची नाडी साधारण ५२ ते ९२ इतकी पसरलेली असेल. अंतराल सरासरीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही.

तिसरा जास्त चकवणारा: ‘प्रयोग पुन्हा केला तर नवी सरासरी ९५ टक्के वेळा ७० ते ७४ मध्ये येईल.’ खरी सरासरी स्थिर असते, पण नवी सरासरी स्वतःही ढळते आणि आपली जुनी ७२ ही आधीच ढळलेली असते. दोन ढळण्यांचा मिळून फरक एकाच्या १.४१ पट होतो, तेव्हा १.९६ चं माप प्रत्यक्षात १.३९ चंच काम करतं. हिशेब केला तर सरासरीने सुमारे ८३ टक्के येतात, ९५ नव्हेत.

आणि हे सगळं नमुना खरोखर निष्पक्ष असेल तरच. मतचाचण्यांच्या आकड्यांखाली ‘त्रुटी अधिक-उणे ३ टक्के’ असं छापून जी शास्त्रीय झळाळी आणली जाते, तिच्याकडे म्हणूनच सावधपणे पाहावं. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने लोकांचा कल जाणण्यासाठी पाठवलेल्या चाचणी-मतपत्रिकांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांत रूझवेल्ट यांना सुमारे ४३ टक्के पाठिंबा दिसला. एवढ्या मोठ्या नमुन्याचं ९५ टक्क्यांचं अंतराल ०.१ टक्कासुद्धा मागेपुढे जात नाही. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि पाठवलेल्यांपैकी थोड्यांनीच उत्तर दिलं होतं. कोणाला विचारलं आणि कोणी उत्तर दिलं, या चुकीचं माप १.९६ च्या गुणाकारात कुठेच नसतं.