डॉक्ट्रिनल प्रबंधाच्या मर्यादा पॅनेलपुढे सांगाव्यात का?

“डॉक्ट्रिनल प्रबंधात सर्व्हे नसतो, मग मर्यादा कसल्या? त्या कबूल केल्या की पॅनेल प्रस्ताव परत पाठवतं.”

उलट, मर्यादा लपवली की पॅनेल हमखास तिथेच बोट ठेवतं. एलएलएमचा एक विषय घ्या: इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर निकालाने २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बचं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर मात्र सूट. त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आता प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही मागतं. मग ती सूट टिकते का? हा संशोधन-प्रश्न झाला, कारण उत्तर कलमाच्या आणि निकालांच्या वाचनातून निघू शकतं. ‘प्रमाणपत्रामुळे खटले रखडतात का?’ विचाराल, तर पॅनेल आकडे मागेल आणि तुमची पद्धत ते देऊ शकत नाही.

व्याप्ती तुम्ही निवडता: सर्वोच्च आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २०१४च्या अन्वर निकालापासूनचे प्रकाशित निकाल. ‘२०१४च का?’ याचं उत्तर तयार ठेवा: प्रमाणपत्राचा आग्रह तिथूनच सुरू झाला. मर्यादा मात्र पद्धतीतून येते. सत्र न्यायालयांचे बहुतेक आदेश निकालसंग्रहांत प्रकाशित होत नाहीत, म्हणून तिथली रोजची प्रथा हा प्रबंध सांगणार नाही. ‘वेळ कमी होता’ ही मर्यादा नव्हे, सबब आहे.