कलम ५३ ची उतरंड : कामगारांचे येणे बँकेच्या बरोबरीला कसे आले

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक कल्पित इंजिनिअरिंग कारखाना घेऊ. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवत ती गुंडाळायला घेतली. यंत्रे, माल आणि एमआयडीसीच्या प्लॉटवरचा भाडेपट्ट्याचा हक्क विकून २० कोटी रुपये हाती आले. या साऱ्यावर एकाच बँकेचे तारण आहे आणि तिचे येणे ३० कोटी. कामगारांचे येणे १० कोटी. शिवाय ऑफिस स्टाफचा पगार, जीएसटी, माल पुरवणाऱ्यांची बिले आहेतच. आधी कोणाला द्यायचे? आज हे नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ ठरवते.

१९५६ च्या कंपनी कायद्याच्या मूळ रूपात तारण असलेली बँक या रांगेत उभीच राहत नसे. ती तारण विकून आपले पैसे काढून घेई. कामगारांना कलम ५३० खाली अग्रक्रम होता, पण तो आधीच्या १२ महिन्यांतल्या जास्तीत जास्त ४ महिन्यांच्या पगारापुरता, आणि तोही सरकारी करांच्या बरोबरीने. जमीन व यंत्रे ठोस तारणाखाली असली, की या अग्रक्रमाला खायला फारसे काही उरत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांनाही बाजू मांडता येईल. १९८५ मध्ये कलम ५२९ बदलले आणि ५२९-अ आले : कामगारांचे सगळे येणे आणि तारणधारक बँकेचे येणे एका पायरीवर, बरोबरीने. माझ्या मते या विषयातला खरा पालट हाच. २०१६ च्या संहितेने तो स्वीकारला, पण त्याला कुंपणही घातले.

त्याच १९८५ मध्ये आजारी उद्योगांचा कायदाही आला. त्याच्या कलम २२ मुळे वसुली थांबे, प्रकरण वर्षानुवर्षे बीआयएफआर या आजारी कंपन्यांच्या मंडळापुढे राही आणि तोवर यंत्रे गंजत. वाटा बरोबरीचा झाला खरा, पण वाटायचे घबाडच आटले. नादारी व दिवाळखोरी संहितेने म्हणूनच मुदती बांधल्या. थकबाकी किमान १ कोटी असेल तर अर्ज करता येतो, आपल्याकडे एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे. तोडगा काढायला १८० दिवस, वाढीव ९०, आणि कोर्टकचेरीसह बाहेरची मर्यादा ३३०. धनको समितीने ६६ टक्के मतांनी योजना मंजूर केली नाही तर लिक्विडेशन.

मग कलम ५३. पहिल्या पायरीवर प्रक्रियेचा खर्च. दुसरीवर कामगारांचे लिक्विडेशन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांचे येणे आणि तारण सोडून दिलेली बँक, बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे, मग विनातारण वित्तीय धनको, मग सरकारचे दोन वर्षांचे कर आणि तारण विकूनही बँकेचे उरलेले येणे. माल पुरवणारे त्याखाली, भागधारक तळाशी. १९५६ मध्ये पगाराच्या जोडीला बसलेले सरकार इथे पाचव्या पायरीवर उतरले.

आता हिशोब, बँकेने तारण सोडले असे धरून. खर्च १ कोटी, उरले १९. कामगारांच्या १० कोटींपैकी ८ कोटी त्या २४ महिन्यांचे आहेत. ८ आणि ३० मिळून ३८, म्हणजे रुपयाला ५० पैसे : कामगारांना ४ कोटी, बँकेला १५. उरलेले २ कोटी खालच्या पायरीवर जातात, तिथे काही पोचत नाही. १९८५ च्या नियमाने पूर्ण १० कोटी मोजले असते : १९ भागिले ४०, म्हणजे ४७.५ पैसे, आणि कामगारांना ४ कोटी ७५ लाख. फरक ७५ लाखांचा. कामगार संघटनेने ही २४ महिन्यांची मर्यादा आव्हानली होती. २ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

विद्यार्थी इथेच चुकतात. हे २४ महिने कारखाना बंद पडल्यापासून मोजायचे नसतात. लिक्विडेशनच्या आदेशापासून मागे मोजायचे असतात. तोडग्याच्या प्रयत्नात ३३० दिवस गेले तर त्यातले जवळपास ११ महिने तिथेच सरतात. कारखाना त्याआधी दोन वर्षे बंद असेल, तर शेवटच्या चालू महिन्यांचा पगार खिडकीबाहेर पडलेला असतो. म्हणून कामगारांचा दावा, फॉर्म ई किंवा प्रतिनिधीमार्फत फॉर्म एफ, महिनावार तक्त्यासह भरावा. नुसता एकूण आकडा दिला तर लिक्विडेटरला हद्द लावता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन निधीतली रक्कम या १० कोटींत मिसळूच नये. कलम ३६(४) नुसार ती विक्रीच्या मत्तेतच येत नाही, तिला उतरंड लागत नाही.

बँकेने तारण सोडले नाही, स्वतःच विकायचे ठरवले तर? तसे ३० दिवसांत कळवावे लागते, आणि तारण सोडले असते तर खर्चाचा व कामगारांचा जो वाटा निघाला असता, तो लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ९० दिवसांत लिक्विडेटरकडे भरावा लागतो.